कबड्डी, खो-खो, फुटबॉल : किमान एक खेळ खेळणारी मुलं नेमकी किती?

ऐरोलीतली एक शाळा डोळ्यांसमोर आणा. आठवीच्या चार तुकड्या, प्रत्येकीत ४५ मुलं, म्हणजे एकूण १८०. पाऊस ओसरून मैदान वाळलं की पीटीचे सर सूचनाफलकावर तीन कागद लावतात : एक कबड्डीचा, एक खो-खोचा, एक फुटबॉलचा. ज्याला जे खेळायचंय तिथे त्यानं नाव लिहायचं. आठवड्यानं कागद उतरवले, तेव्हा कबड्डीत ६८, खो-खोत ५४ आणि फुटबॉलमध्ये ७३ नावं निघाली. शाळा आणि आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत, पण ठाणे-नवी मुंबईतल्या कुठल्याही शाळेत दरवर्षी असेच कागद लागतात.

आता खेळणाऱ्या प्रत्येक मुलाला एक टी-शर्ट द्यायचा आहे आणि प्रत्येकाच्या पालकांचं एक संमतिपत्र घ्यायचं आहे. मूल एक खेळ खेळो की तीन, टी-शर्ट एकच. मग ऑर्डर किती टी-शर्टांची द्यायची?

पहिल्यांदा हात जातो तो बेरजेकडे : ६८ + ५४ + ७३ = १९५. पण वर्गात मुलंच १८० आहेत. म्हणजे ही बेरीज मुलांची नाही, कागदांवर लिहिलेल्या नावांची आहे. ज्या मुलीनं दोन कागदांवर नाव लिहिलं ती दोनदा मोजली गेली, ज्यानं तिन्हींवर लिहिलं तो तीनदा. आपल्याला हवं आहे ते प्रत्येक मूल एकदाच मोजून. त्यासाठीची रीत म्हणजे समावेश आणि वगळ : आधी सगळं धरायचं, जादा धरलेलं वगळायचं, आणि वगळताना जास्त वगळलं गेलं तर ते परत धरायचं.

आधी दोनच खेळ घ्या

फुटबॉलचा कागद थोडा वेळ बाजूला ठेवा. कबड्डी ६८, खो-खो ५४. दोन्ही कागद शेजारी ठेवून तपासलं तर २४ मुलं दोन्हींवर सापडली. बेरीज केली तर १२२ येते, पण त्यात ती २४ मुलं दोनदा आली आहेत. त्यांची एक मोजणी काढून टाकली की झालं : १२२ − २४ = ९८. कबड्डी किंवा खो-खो, किमान एक खेळणारी मुलं ९८.

महाराष्ट्र बोर्डाच्या नववीच्या गणितात ‘संच’ या पहिल्याच प्रकरणात हे सूत्र येतं. तिथे दोन्ही कागदांवरच्या सामाईक नावांना छेद संच म्हणतात आणि दोन्ही मिळून जे होतं त्याला संयोग संच :

```
n(A ∪ B) = n(A) + n(B) − n(A ∩ B)
```

इथे कोणी अडत नाही. अडतात ते तिसरा खेळ आल्यावर, कारण सूत्राच्या शेवटी अचानक एक अधिकचं चिन्ह येतं आणि ते कुठून आलं हे कळत नाही. पाठ करून गणित सुटतं, पण आकडे जरा वेगळ्या रूपात दिले की पाठ केलेलं सूत्र चुकीच्या जागी लावलं जातं. म्हणून त्या अधिक चिन्हापाशी थोडं थांबू.

तिसरा खेळ आणताना

आपल्याकडे आता दोनच याद्या आहेत असं समजा. एक, कबड्डी किंवा खो-खोवाल्या ९८ मुलांची. दुसरी, फुटबॉलवाल्या ७३ मुलांची. दोन याद्या असतील तर काय करायचं ते आपल्याला येतं : बेरीज करा आणि सामाईक वजा करा. बेरीज १७१. आता सामाईक किती? म्हणजे फुटबॉलवाल्यांपैकी किती जण आधीच त्या ९८ मध्ये आहेत?

सरांनी फुटबॉलचा कागद बाकीच्या दोन कागदांशी ताडून पाहिला. कबड्डी आणि फुटबॉल दोन्ही कागदांवर १९ नावं निघाली, खो-खो आणि फुटबॉल दोन्हींवर १५. मग सामाईक मुलं १९ + १५ = ३४ झाली का? नाही. कारण या १९ मध्ये आणि या १५ मध्येही काही मुलं तीच आहेत : जी कबड्डीही खेळतात, खो-खोही आणि फुटबॉलही. अशी ८ मुलं आहेत. ती १९ मध्येही आली आणि १५ मध्येही. म्हणून इथेही दोन याद्यांचाच नियम लागतो : १९ + १५ − ८ = २६.

फुटबॉलच्या ७३ पैकी २६ मुलं आधीच मोजलेली आहेत. म्हणून एकूण मुलं ९८ + ७३ − २६ = १४५.

आता हीच बेरीज-वजाबाकी उलगडून लिहा. ९८ च्या जागी ६८ + ५४ − २४ ठेवा आणि २६ च्या जागी १९ + १५ − ८. वजा करायच्या रकमेत जे ८ वजा होते ते कंस सुटताना अधिक होतात :

```
68 + 54 + 73 − 24 − 19 − 15 + 8 = 145
```

ते अधिक चिन्ह इथून आलं. नियम नवा नाही, दोन याद्यांचाच नियम दोनदा वापरला आहे, आणि दुसऱ्यांदा तो वजाबाकीच्या पोटात वापरला गेला म्हणून चिन्ह उलटलं. अक्षरांत लिहायचं तर :

```
n(A ∪ B ∪ C) = n(A) + n(B) + n(C)
             − n(A ∩ B) − n(B ∩ C) − n(A ∩ C)
             + n(A ∩ B ∩ C)
```

म्हणजे टी-शर्ट १४५. एकही खेळ न घेतलेली मुलं १८० − १४५ = ३५. आणि १९५ ची ऑर्डर गेली असती तर ५० टी-शर्ट जादा आले असते.

एकेका मुलाच्या बाजूनं पडताळा

सूत्र बरोबर आहे याची खात्री मला दुसऱ्या एका रीतीनं जास्त पटते, आणि मुलांना शिकवताना मी तिच्यावरच जास्त वेळ देते. सगळा वर्ग विसरा आणि एकच मूल धरा. या सूत्रात ते मूल एकूण किती वेळा मोजलं जातं ते पाहा.

मूल फक्त फुटबॉल खेळतं. ते ७३ मध्ये एकदा आलं. बाकी कुठेच नाही. मोजणी १.

मुलगी कबड्डी आणि खो-खो खेळते, फुटबॉल नाही. ती ६८ मध्ये आली, ५४ मध्ये आली, म्हणजे दोनदा. मग २४ वजा करताना एकदा निघाली. १९ आणि १५ मध्ये ती नव्हतीच. २ − १ = १.

मूल तिन्ही खेळतं. तिन्ही कागदांवर नाव असल्यामुळे तीनदा आलं. आता वजाबाकी : ते २४ मध्ये आहे, १९ मध्ये आहे, १५ मध्येही आहे. म्हणजे तीनदा वजा झालं. ३ − ३ = ०. इथे थांबलं तर हे मूल हिशेबातून पूर्णच गायब होतं! सगळ्यात जास्त खेळणाऱ्या मुलालाच टी-शर्ट मिळत नाही. म्हणून शेवटी ते ८ परत धरायचे : ३ − ३ + १ = १.

काहीच न खेळणारं मूल कुठल्याही आकड्यात नाही, म्हणून त्याची मोजणी शून्य. चारही प्रकारच्या मुलांची मोजणी जशी हवी तशीच आली. मुलांचे प्रकार एवढेच, पाचवा नाही. सूत्र विसरलं तरी या तीन ओळींवरून ते पुन्हा उभं करता येतं.

ज्या जागी खरंच चुकतं : ‘दोन्ही’ आणि ‘दोनच’

आता या लेखातला मुख्य मुद्दा. वर २४ हा आकडा आपण कसा काढला ते आठवा. कबड्डीचा आणि खो-खोचा कागद शेजारी ठेवला आणि दोन्हींवर असलेली नावं मोजली. फुटबॉलचा कागद त्या वेळी कोणी पाहिलाच नव्हता. त्यामुळे या २४ मध्ये फुटबॉलही खेळणारी ८ मुलं आहेतच. सूत्रातला n(A ∩ B) असाच असतो, तिसऱ्याकडे न बघता मोजलेला.

पण समजा याच मुलांची मोजणी वर्गशिक्षिकेनं हात वर करायला सांगून केली : “कोण फक्त कबड्डी आणि खो-खो खेळतं, फुटबॉल नाही?” तेव्हा हात वर येतील १६, कारण ती ८ मुलं गप्प बसतील. तसंच फक्त कबड्डी-फुटबॉलचे ११ आणि फक्त खो-खो-फुटबॉलचे ७. मुलं तीच, वर्ग तोच, पण आकडे २४, १९, १५ ऐवजी १६, ११, ७.

आता हे आकडे कोणी जसेच्या तसे सूत्रात घातले तर काय होतं? १९५ − १६ − ११ − ७ + ८ = १६९. खरं उत्तर १४५. फरक २४ चा, म्हणजे तिन्ही खेळणाऱ्या ८ मुलांच्या तिप्पट. कारण सरळ आहे : प्रत्येक जोडीतून ८ कमी वजा झाले आणि जोड्या तीन आहेत.

वाईट गोष्ट अशी की १६९ हे उत्तर बघून शंका येत नाही. ते १८० पेक्षा कमी आहे, सगळ्यात मोठ्या यादीपेक्षा जास्त आहे, दिसायला अगदी सभ्य आकडा आहे. परीक्षेत असं उत्तर लिहून मूल शांतपणे पुढच्या प्रश्नाकडे वळतं.

‘दोनच खेळ’ अशा रूपात आकडे मिळाले असतील तर दोन मार्ग आहेत. पहिला : प्रत्येक जोडीत तिन्हीवाले मिळवून घ्या (१६ + ८ = २४, ११ + ८ = १९, ७ + ८ = १५) आणि मग नेहमीचं सूत्र लावा. दुसरा : थेट विचार करा. नेमके दोन खेळ खेळणारं मूल १९५ मध्ये दोनदा आलंय, त्याची एक मोजणी जादा. तिन्ही खेळणारं तीनदा आलंय, त्याच्या दोन जादा. म्हणून १९५ − (१६ + ११ + ७) − २ × ८ = १९५ − ३४ − १६ = १४५.

मी पहिला मार्ग सुचवते. दुसरा छोटा आहे, पण एका सूत्रात ८ अधिक आणि दुसऱ्यात ८ ची दुप्पट वजा, हे दोन्ही डोक्यात ठेवलं की परीक्षेच्या घाईत त्यांची सरमिसळ होते. एकच सूत्र ठेवा आणि आकडे त्याच्या साच्यात आणा.

उदाहरण वाचताना म्हणून प्रत्येक जोडीच्या आकड्याशेजारी पेन्सिलीनं एक खूण करायची सवय लावून घ्या : यात तिन्हीवाले आहेत की नाहीत? ‘कबड्डी आणि खो-खो खेळणारे’ असं नुसतं लिहिलं असेल तर आहेत असं धरायचं. ‘फक्त’, ‘दोनच’, ‘नेमके दोन’, ‘पण फुटबॉल न खेळणारे’ असं काही असेल तर नाहीत. आकडे तुम्हीच गोळा करत असाल तर प्रश्न विचारण्याआधीच ठरवा. तोंडी हात वर करून घेताना मुलं ‘दोन खेळ’ याचा अर्थ आपापल्या परीनं लावतात, त्यापेक्षा कागद ताडून पाहिलेले बरे.

वेन आकृती आतून बाहेर भरा

तीन वर्तुळं काढा, एकमेकांत गुंतलेली. बरोबर मध्ये तिघांची सामाईक जागा, तिच्याभोवती दोघा-दोघांच्या तीन पाकळ्या, आणि बाहेरच्या कडेला एकेकट्याच्या तीन जागा. एकूण सात. वर्तुळांबाहेर चौकट काढली की आठवी जागा, काहीच न खेळणाऱ्यांची. ही आकृती ज्यांच्या नावानं ओळखली जाते ते जॉन वेन इंग्लंडमधले तर्कशास्त्राचे अभ्यासक होते, १८८० साली त्यांनी या आकृत्यांवर लेख लिहिला.

भरताना सुरुवात मधूनच करायची. बाहेरून सुरुवात केली तर ६८ हा आकडा नेमका कुठे लिहायचा हेच कळत नाही, कारण ६८ हे पूर्ण वर्तुळ आहे, त्यातली कुठलीही एक जागा नाही.

मध्ये लिहा ८. मग कबड्डी आणि खो-खोच्या पाकळीत २४ − ८ = १६, कबड्डी आणि फुटबॉलच्या पाकळीत १९ − ८ = ११, खो-खो आणि फुटबॉलच्या पाकळीत १५ − ८ = ७. आता बाहेरच्या जागा. कबड्डीच्या वर्तुळात एकूण ६८ हवेत आणि आत आधीच १६ + ११ + ८ = ३५ आहेत, म्हणून फक्त कबड्डी ३३. खो-खोत ५४ − (१६ + ७ + ८) = २३. फुटबॉलमध्ये ७३ − (११ + ७ + ८) = ४७.

सातही जागा मिळवा : ३३ + २३ + ४७ + १६ + ११ + ७ + ८ = १४५. सूत्रानं आलेलाच आकडा. पण आकृतीचा खरा फायदा असा की पुढचे प्रश्न आयतेच सुटतात. एकच खेळ खेळणारी मुलं १०३, नेमके दोन खेळणारी ३४, तिन्ही खेळणारी ८. शाळेत कबड्डी आणि खो-खोचे सराव एकाच वेळी ठेवले तर किती मुलांची पंचाईत होईल, असं सरांनी विचारलं तर उत्तर आहे २४, त्या दोन वर्तुळांच्या पूर्ण सामाईक भागात. तिथे १६ नाही चालत, कारण फुटबॉलही खेळणाऱ्या मुलाची पंचाईत तितकीच होते.

शेवटी एक उलटा पडताळा घ्या. १०३ मुलांची एकेक नावं, ३४ जणांची दोन-दोन, ८ जणांची तीन-तीन : १०३ + ६८ + २४ = १९५. कागदांवरची एकूण नावं परत मिळाली, म्हणजे आकृती बरोबर भरली आहे.

आता मघाच्या चुकीकडे परत या. ‘दोनच’वाले १६, ११, ७ हे आकडे ‘दोन्ही’वाले समजून आकृती भरायला घेतली तर काय होतं पाहा. खो-खो आणि फुटबॉलची पाकळी येते ७ − ८ = −१. उणे एक मूल! सूत्रानं जी चूक लपवली ती आकृतीनं पहिल्या मिनिटात उघडी पाडली. जोडीचा आकडा तिन्हीच्या आकड्यापेक्षा लहान असूच शकत नाही, कारण तिन्ही खेळणारं प्रत्येक मूल त्या जोडीतही असतं. अर्थात प्रत्येक वेळी उणे येईलच असं नाही. इथे ७ च्या ऐवजी ९ असते तर पाकळीत १ आला असता आणि चूक तशीच राहिली असती. म्हणून आकृती भरली तरी पेन्सिलीची ती खूण सोडायची नाही.

खऱ्या कागदांवर काम करताना

गणिताच्या पुस्तकात आकडे तयार मिळतात. शाळेत ते याद्यांमधून काढावे लागतात, आणि तिथे वेगळीच अडचण येते. ऐरोली, रबाळे, दिवा-कोळीवाड्याच्या पट्ट्यात पाटील, म्हात्रे, भोईर ही आडनावं वर्गावर्गांत भरपूर. एकाच नावाची दोन मुलं एकाच इयत्तेत सहज निघतात. नावावरून ताडलं तर दोन वेगळी मुलं एक समजली जातात. हजेरी क्रमांक लिहायला सांगितला तर चारही तुकड्यांत १२ नंबरचं कोणी ना कोणी असतंच. म्हणून कागदावर ‘८ ब १२’ असं तुकडीसह लिहून घ्या, किंवा शाळेच्या जनरल रजिस्टरचा नंबर घ्या, तो प्रत्येकाचा वेगळा असतो.

क्रमांक चुकला की उत्तर कुठल्या बाजूला सरकतं हे माहीत असलेलं बरं. समजा तिन्ही खेळणाऱ्या एका मुलीनं फुटबॉलच्या कागदावर १२ ऐवजी २१ लिहिलं, आणि ८ ब २१ नं कुठेच नाव दिलेलं नाही. मग कबड्डी-फुटबॉल आणि खो-खो-फुटबॉल या दोन जोड्यांतून ती निसटली, तिन्हीतूनही निसटली. वजाबाकी दोननं कमी झाली आणि शेवटची बेरीज एकानं कमी. एकूण उत्तर १४६, एकानं जास्त. साहजिकच आहे, कागदांवर आता एका मुलीची दोन मुलं झाली आहेत. न जुळलेली प्रत्येक नोंद उत्तर वाढवते. उलट दोन वेगळी मुलं एक समजली गेली की उत्तर घटतं.

संगणकावर करायचं तर एका तक्त्यात १८० मुलं उभी लिहा. A स्तंभात क्रमांक, B मध्ये कबड्डी, C मध्ये खो-खो, D मध्ये फुटबॉल. खेळत असेल तिथे १, नसेल तिथे ०. पहिली ओळ शीर्षकांची, म्हणून मुलं २ ते १८१ या ओळींत येतील. कबड्डी आणि खो-खो दोन्ही :

```
=COUNTIFS(B2:B181,1,C2:C181,1)
```

हे २४ देईल, १६ नाही, कारण D स्तंभाकडे ते बघतच नाही. ‘दोनच’ हवे असतील तर D शून्य असल्याची अट जोडावी लागते :

```
=COUNTIFS(B2:B181,1,C2:C181,1,D2:D181,0)
```

आणि किमान एक खेळ खेळणारी मुलं थेट मोजायची तर :

```
=SUMPRODUCT(--((B2:B181+C2:C181+D2:D181)>0))
```

हे १४५ आलं पाहिजे. असा पूर्ण तक्ता हाताशी असेल तर समावेश-वगळीची गरजच उरत नाही, हे मोकळेपणानं सांगायला हवं. ती रीत लागते ते मुलांची नावं हाताशी नसतात, नुसते एकत्रित आकडे मिळालेले असतात तेव्हा. तक्ता असला तर सूत्र पडताळ्यासाठी वापरा : दोन्ही आकडे जुळले नाहीत तर एखाद्या खान्यात १ च्या जागी दुसराच आकडा पडलेला असण्याची शक्यता जास्त, आणि ‘हो’ असं अक्षरांत लिहिलेलं असेल तर SUMPRODUCT आकड्याऐवजी #VALUE! दाखवतं.

तिन्हीचा आकडाच मिळाला नाही तर

असंही होतं. सर तीन याद्यांचे आकडे देतात, तीन जोड्यांचे देतात, आणि तिन्ही खेळणारे किती ते मोजायचं राहून जातं. मग नेमकं उत्तर निघत नाही, पण ते कुठून कुठपर्यंत असू शकतं हे नक्की सांगता येतं.

आठच्या जागी t लिहा. एकूण मुलं १९५ − ५८ + t, म्हणजे १३७ + t. आता t ला सीमा घाला. तो शून्यापेक्षा कमी नसणार. आणि सगळ्यात लहान जोडीपेक्षा जास्त नसणार, म्हणजे १५ पेक्षा जास्त नाही. t शून्य धरला तर बाहेरच्या जागांत फक्त कबड्डी २५, फक्त खो-खो १५, फक्त फुटबॉल ३९ येतात. उणे कुठेच नाही, म्हणून शून्य शक्य आहे. t १५ धरला तर खो-खो-फुटबॉलची पाकळी शून्य होते, बाकीच्या दोन ९ आणि ४, आणि बाहेरच्या जागा आणखी वाढतात. तेही शक्य आहे. मुलांची एकूण संख्या अशा वेळी १५२ होते, १८० च्या आतच. म्हणजे टी-शर्ट १३७ पेक्षा कमी लागणार नाहीत आणि १५२ पेक्षा जास्त लागणार नाहीत.

जोड्यांचे आकडेही नसते आणि फक्त ६८, ५४, ७३ एवढंच हाती असतं, तर पट्टा फार रुंद झाला असता : कमीत कमी ७३ (बाकीचे सगळे फुटबॉलवाल्यांमध्येच असतील तर) आणि जास्तीत जास्त १८०. अशा आकड्यावर कोणी ऑर्डर देऊ शकत नाही. तीन जोड्या मोजल्या की पट्टा १५ वर येतो, इतका फरक पडतो.

आणि उरलेला फरक मिटवायला सगळे कागद पुन्हा तपासायची गरज नाही. तिन्ही खेळणारं प्रत्येक मूल खो-खो आणि फुटबॉल या सगळ्यात लहान जोडीत असायलाच हवं. ती १५ नावं घ्या, कबड्डीच्या कागदावर शोधा, सापडतील त्यांच्यापुढे टिक करा. आठ टिका झाल्या की t आठ आणि ऑर्डर १४५ ची.